महिला भजनी मंडळ: महिन्याच्या भजनात पुढे म्हणायची पाळी आणि भजनांची निवड कशी ठरवता?

सोनचाफा | १२ जानेवारी, सकाळी १०:४०

आमचं सोसायटीतलं महिला भजनी मंडळ. एकूण सोळा जणी. दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला दुपारी चार ते सहा असं दोन तासांचं भजन असतं. सोळांपैकी दोघी पेटी आणि तबल्यावर, आणखी दोघींना फक्त टाळ धरायचा आहे, पुढे म्हणायचं नाही. उरलेल्या बारा जणींना पुढे म्हणायची इच्छा आहे. प्रत्यक्षात मात्र दर वेळी त्याच तिघी-चौघी भजन उचलतात, बाकीच्या मागे म्हणतात. कोणी मुद्दाम अडवत नाही. वेळ आली की ज्यांना सवय आहे त्या सुरू करतात, इतकंच. भजनं पण तीच तीच होतात, कधी कधी एकाच दिवशी दोघी एकच भजन तयार करून येतात आणि दुसरीचा विरस होतो.

चैत्रापासून वर्षभराची आखणी लिहून काढायची आहे. पुढे कोण म्हणणार, भजन कोण निवडणार आणि ते सगळ्यांना न्याय्य वाटेल असं कसं करायचं? तुमच्याकडे काय पद्धत आहे ती नेमकी सांगा.

टाळकरीण | १२ जानेवारी, सकाळी ११:१५

सोपं आहे. बारा जणींच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाका. दर एकादशीला काढा, जिचं नाव येईल ती म्हणेल. देवासमोर चिठ्ठी, म्हणजे कुणाची तक्रार नाही.

रानजाई | १२ जानेवारी, सकाळी ११:३२

आम्ही अकारविल्हे यादी केली आहे. ज्या घरी भजन त्या घरचा प्रसाद आणि चहा, सतरंज्या मंडळाच्या. कुणाकडे लग्नकार्य असेल तर पुढच्या घराशी अदलाबदल. प्रसाद एकच, साधा, हे आधीच ठरवून टाकलं की चढाओढ होत नाही.

सोनचाफा | १२ जानेवारी, सकाळी ११:५०

रानजाई, आमचं भजन सोसायटीच्या हॉलमध्येच असतं हो, घराची पाळी नाही. मी पुढे म्हणायच्या पाळीबद्दल विचारत होते. प्रसादाचं मात्र लिहून ठेवते :)

टाळकरीण, चिठ्ठीने नाव त्याच दिवशी कळणार. मग तयारी कधी करायची?

काळी चार | १२ जानेवारी, दुपारी २:०५

चिठ्ठीला माझा विरोध आहे, आणि कारण फक्त तयारीचं नाही. चिठ्ठीत लागोपाठ तीनदा एकीचंच नाव येऊ शकतं आणि एखादीचं सहा महिने येत नाही. मग ती म्हणते, देवालाच नको आहे. त्यापेक्षा आधी वेळेचा हिशोब मांडा. त्यातून किती जागा आहेत ते कळतं आणि अर्धं भांडण तिथेच मिटतं.

तुमचे १२० मिनिटं. सुरुवातीचा नामगजर आणि रूपाचा अभंग यांना १२ मिनिटं लागतात. शेवटी पसायदान, आरती, प्रसाद वाटायला उठणं यात १८. उरली ९०. एक भजन ध्रुवपद घोळवत, शेवटी थोडी लय चढवून सात मिनिटांत होतं. पण पुढचं सुरू होईपर्यंत वही उघडणं, पेटीवर सूर धरणं, जागा बदलणं यात दीड-दोन मिनिटं जातातच, म्हणजे एका भजनाला नऊ धरा. नऊ दहा नव्वद म्हणून दहा भजनं लावाल तर शेवटची दोन घाईत उरकावी लागतील, आणि ज्यांची ती दोन असतील त्यांच्यावर नेमका अन्याय होईल. आठच लावा. बहात्तर मिनिटं झाली, अठरा मोकळी राहिली. उशिरा सुरुवात, एखादी फर्माईश, तबला मिळवणं हे सगळं त्यात बसतं.

आता आठ जागा आणि बारा जणी. तीन महिन्यांत चोवीस जागा होतात, म्हणजे प्रत्येकीला दोन. चार-चार जणींचे तीन गट करा: अ, ब, क. पहिल्या महिन्यात अ आणि ब, दुसऱ्या महिन्यात ब आणि क, तिसऱ्या महिन्यात क आणि अ. दोन महिने पुढे म्हणायचं, एक महिना विसावा. हे कुणालाही तोंडी सांगता येतं, कागद हरवला तरी बिघडत नाही.

गट करताना मैत्रिणी-मैत्रिणी एकत्र बसवू नका. प्रत्येक गटात एक पक्की, दोन मध्यम, एक नवी असं ठेवा. नाहीतर एखाद्या महिन्यात चारही नव्या एकत्र येतात, भजन पडतं आणि मग सगळ्या म्हणतात की जुनीच पद्धत बरी होती.

प्राजक्ता | १२ जानेवारी, दुपारी २:४०

काळी चार यांना अनुमोदन. आमच्या मंडळात नऊच जणी आहेत आणि जागा सहा. तीन-तीनचे तीन गट केले तर हेच चालेल ना?

काळी चार | १२ जानेवारी, दुपारी २:४४

हो, तसंच चालेल. दोन गट मिळून सहा होतात.

सोनचाफा | १२ जानेवारी, रात्री ९:२०

काळी चार, तुमचं वाचून लगेच चैत्र ते फाल्गुन मांडून बघितलं. एक गोष्ट खटकली. बारा महिन्यांना तीनने भाग जातो, त्यामुळे दर वर्षी तोच महिना त्याच गटाच्या विसाव्यात येतो. चैत्रात अ-ब धरलं तर आषाढात पुन्हा अ-ब. म्हणजे आषाढीला क गट कायम मागे बसणार. कार्तिकात ब-क येतात, अ गट बाहेर. आणि ब गटाला आषाढी पण मिळते, कार्तिकी पण. आमच्याकडे आषाढीला हॉल भरलेला असतो, त्या दिवशी म्हणायला मिळावं असं प्रत्येकीला वाटतं.

काळी चार | १२ जानेवारी, रात्री ९:५५

बरोबर पकडलंत. म्हणून दर चैत्रात सुरुवात एका घराने पुढे सरकवायची. पहिल्या वर्षी अ-ब ने सुरुवात, दुसऱ्या वर्षी ब-क ने, तिसऱ्या वर्षी क-अ ने. तीन वर्षांत प्रत्येक गटाला दोन आषाढ्या मिळतात आणि एक सुटते. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही आणि मग "गेल्या वेळी पण आम्हीच नव्हतो" सुरू होतं.

यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे तुमच्या तिथीच्या हिशोबाने तेरा कार्यक्रम होतील आणि चक्र एकाने घसरेल. अधिक महिन्याचा कार्यक्रम चक्राबाहेर ठेवा. त्या दिवशी पूर्ण हरिपाठ सगळ्यांनी मिळून म्हणा, पुढे कुणीच नाही. निज ज्येष्ठात जिथे थांबलो तिथून पुढे.

ओवी | १३ जानेवारी, सकाळी ८:३०

तिथीवर कार्यक्रम असला की आणखी एक अडचण येते, ती कुणी बोलत नाही म्हणून मी लिहिते. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा. पुष्कळ बायकांची मासिक पाळी साधारण तेवढ्याच दिवसांनी येते. ज्या मंडळात अडचणीच्या दिवसांत भजनाला बसत नाहीत, तिथे एखादीची पाळी एकदा शुद्ध एकादशीला आली की पुढचे पाच-सहा महिने तिथेच येत राहते. ती दर वेळी गैरहजर दिसते आणि बाकीच्यांना वाटतं हिला रस नाही. ते पाळायचं की नाही हा ज्या त्या मंडळाचा प्रश्न आहे, मला इथे तो वाद नको. पण आखणी करणारीने हे लक्षात घ्यायलाच हवं.

दोन उपाय आहेत. एक महिना शुद्ध एकादशी, पुढचा महिना वद्य, असं आलटून पालटून करा. किंवा तिथी सोडून महिन्याचा दुसरा शनिवार धरा, आणि आषाढी-कार्तिकी तेवढ्या तिथीला. आणि बदली मागताना कारण विचारायचं नाही, हा नियम लेखी असू द्या. सोयर-सुतक, तब्येत, अडचण, नातवंडांची परीक्षा, काहीही असो. "या वेळी बदली हवी" एवढंच पुरे.

तुळशीमाळ | १३ जानेवारी, सकाळी ९:१०

ओवीताई, हे पहिल्यांदाच कुणीतरी स्पष्ट लिहिलं. शुद्ध-वद्य आलटून पालटून ही कल्पना आमच्या मंडळाला आजच सांगते.

बदलीबद्दल एक. बदली शक्यतो विसाव्यातल्या गटातून घ्यावी. त्याच महिन्यातल्या दुसरीला दोन भजनं दिली की पुन्हा तीच तीच होतात.

टाळकरीण | १३ जानेवारी, सकाळी ९:४५

आणि जी आली नाही तिची पाळी गेली. पुढे ढकलायची नाही. नाहीतर हिशोब कधीच संपत नाही.

ओवी | १३ जानेवारी, सकाळी १०:००

टाळकरीण, आधी कळवून बदली घेतली असेल तर अदलाबदल व्हायला हवी. म्हणजे जिने तिच्या जागी म्हटलं, तिची पुढची एक जागा हिला. न कळवता आली नाही तर गेली, हे मान्य.

टाळकरीण | १३ जानेवारी, सकाळी १०:०८

आदल्या दिवशीपर्यंत कळवलं तर ठीक. त्याच दुपारी साडेतीनला कळवून नाही चालणार.

तबलासाथ | १३ जानेवारी, दुपारी १:३०

नमस्कार. मी दोन महिला मंडळांना तबल्याची साथ करतो. गट आणि पाळ्या छान आखल्यात, पण त्यात पट्टी कुठेच दिसली नाही. पुढे म्हणणारी बदलली की पट्टी बदलते. आठ जणी आठ पट्ट्यांत म्हणाल्या तर कार्यक्रमाचा निम्मा वेळ हातोडी वाजेल.

टाळकरीण | १३ जानेवारी, दुपारी १:४१

म्हणून सगळ्यांनी काळी चारमध्येच म्हणायचं. बायकांची पट्टी तीच. आमच्याकडे तबला कधीच बदलत नाही.

काळी चार | १३ जानेवारी, दुपारी ३:१५

टाळकरीण, काळी चार बहुतेक जणींना सोयीची असते हे खरं (नाव उगाच घेतलेलं नाही). पण बारा जणींत दोघी-तिघी अशा असतातच ज्यांचा आवाज वयाने खाली आलाय. त्यांना काळी चारमध्ये तार षड्ज लागत नाही. ध्रुवपद ठीक जातं, अंतरा आला की त्या खालच्या सप्तकात उतरतात किंवा नुसतंच पुटपुटतात. मग पुढच्या वेळी "माझं नको, तुम्हीच म्हणा" म्हणून बाजूला होतात. पाळीच्या यादीत नाव आहे पण म्हणत नाही, ती इथून निसटलेली असते.

दुसरं, पट्टी नुसती बाईची नसते, भजनाचीही असते. अंतरा तार गंधारापर्यंत जाणारी चाल आणि पंचमाच्या आत फिरणारी चाल, दोन्ही एकाच षड्जावरून म्हणायचं कारण नाही. म्हणून वहीत प्रत्येकीच्या नावापुढे पट्टी लिहू नका. तिच्या प्रत्येक भजनापुढे लिहा. सरावाच्या दिवशी पेटीवर सगळ्यात वरचा सूर वाजवून बघायचा. तो मोकळ्या गळ्याने, मान वर न करता, दोनदा लागला की ती पट्टी पक्की.

तबलासाथ | १३ जानेवारी, दुपारी ४:००

बरोबर. आता साथीच्या बाजूने सांगतो. काळी चारचा तबला असेल तर त्यावर काळी एकचं भजन पंचमात निभावतं आणि काळी दोनचं मध्यमात. म्हणजे खालच्या टापूत फिरणाऱ्या चाली काळी एकवरून धरल्या तर तबल्याला हात लावावा लागत नाही. काळी चारवरून पांढरी पाच किंवा पांढरी सहा म्हणजे अर्धा सूर इकडे-तिकडे. ते गठ्ठे थोडे ठोकून चार-पाच मिनिटांत होतं. पण पांढरी चारचं भजन आलं की दीड सूर खाली यायचं. तेवढा उतरवलेला तबला बोलत नाही, बद्द वाजतो. आणि तिथून पुन्हा वर चढवताना पुडीवर ताण येतो. त्यासाठी दुसरा तबला लागतो.

म्हणून माझी विनंती एवढीच की एका कार्यक्रमात पट्टी एकदाच बदला. पांढरी पाचवाल्या चौघी एकत्र, काळी चारवाल्या चौघी एकत्र. पेटी स्केल चेंजर असेल तर पेटीवाल्या ताईंना त्रास नाही, पण तबल्याला तशी सोय नसते.

प्राजक्ता | १३ जानेवारी, दुपारी ४:२०

मग मध्ये हरिपाठाचे पाच अभंग नुसत्या टाळावर घेतले तर? तेवढ्या वेळात तबला मिळवून होईल.

तबलासाथ | १३ जानेवारी, दुपारी ४:३२

ताई, टाळांच्या आवाजात तबला मिळवता येत नाही. कान झाकून जातात, दहा टाळ चालू असताना चाट आणि मैदान यातला फरकच कळत नाही. त्यापेक्षा मध्ये एखाद्या अभंगाचा अर्थ कुणीतरी सांगावा. पाच मिनिटं बोलणं चालू असताना हळू ठोकून होतं. पेटीवर नुसता षड्ज धरून ठेवला तर फारच उत्तम.

तुळशीमाळ | १३ जानेवारी, सायंकाळी ५:०५

वा! आणि तो अर्थ ज्या फक्त टाळ धरतात त्यांच्यापैकी कुणी सांगितला तर त्यांनाही पाळी मिळेल.

सोनचाफा | १३ जानेवारी, रात्री ८:४५

तुळशीमाळ, ही कल्पना आमच्या दोघी टाळवाल्यांना फार आवडेल. एक जण निवृत्त शिक्षिका आहेत.

आता भजनांच्या निवडीचं सांगा. निवड गाणारीची असावी की मंडळाची?

ओवी | १३ जानेवारी, रात्री ९:३०

गाणारीची, पण चौकटीत. आठ जागांना आधी प्रकार ठरवून टाका: नमन, दोन अभंग, एक संत स्त्रियांपैकी कुणाचा तरी अभंग, गौळण, जोगवा किंवा देवीचं भजन, भारूड, भैरवी. मग जिला गौळणीची जागा आली ती कुठली गौळण म्हणायची ते स्वतः ठरवेल. प्रत्येकीने दोन नावं द्यायची, पहिली पसंती आणि दुसरी. कार्यक्रमाच्या वीस दिवस आधी. दोघींची पहिली पसंती एकच निघाली तर एकीने दुसरी घ्यायची आणि वहीत तिच्या नावापुढे खूण करायची. पुढच्या वेळी टक्कर झाली की खूणवालीला पहिला हक्क, आणि मग खूण पुसायची. एवढं केलं तरी कुरबुर थांबते, कारण "दर वेळी मीच का माघार घ्यायची" हाच खरा राग असतो.

चौकटीचा फायदा म्हणजे संत जनाबाई, सोयराबाई, मुक्ताबाई, कान्होपात्रा यांच्या रचना आपोआप येत राहतात. नुसतं "आवडीचं म्हणा" म्हटलं की आठपैकी सहा विठ्ठलाच्या त्याच लोकप्रिय चाली येतात.

काळी चार | १३ जानेवारी, रात्री १०:१०

याला एक जोड देते. पुढे म्हणणारीची आवड खरी, पण मागे पंधरा जणींना ते उचलायचं असतं. जे भजन मागच्यांना येत नाही त्यात ध्रुवपदाला आवाज निम्मा होतो. पुढे म्हणणारीला वाटतं आपलंच चुकलं, ती आणखी जोरात म्हणते, लय पळते. म्हणून एका कार्यक्रमात मंडळाला नवी असलेली भजनं दोनच. तिसरं आलं तर ते पुढच्या महिन्यात. नव्या भजनाचं ध्रुवपद आणि पहिलं कडवं, एवढंच रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पंधरा दिवस आधी. सबंध भजन टाकलं तर कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही.

आणि शब्द एकाच प्रतीतून घ्या. एकीच्या वहीत सासूबाईंनी लिहून दिलेलं असतं, दुसरीने मोबाइलवरून उतरवलेलं असतं, तिसरीकडे गाथेतलं. पाठभेद असतातच, प्रत्येक पाठ आपापल्या जागी ठीक असतो. पण मंडळात निम्म्या "पाहे" आणि निम्म्या "पाहता" म्हणाल्या की मात्रा चुकते आणि टाळ अडखळतो. एकीने सगळ्यांसाठी लिहून ती प्रत वाटायची.

शारजा मुक्काम | १४ जानेवारी, सकाळी ७:१५

आम्ही इथे महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेटतो आणि मधला सराव व्हिडिओ कॉलवर करतो. कॉलवर सगळ्यांनी एकत्र म्हणता येत नाही, आवाज मागे-पुढे पोचतो, टाळ तर अजिबात जुळत नाही. पुढे म्हणणारी एकटी सुरू ठेवते, बाकीच्या आपला आवाज बंद करून घरी म्हणतात. शब्द आणि चाल बसवायला एवढं पुरतं. लय मात्र प्रत्यक्षच बसवावी लागते.

एक विचारायचं होतं. सिनेमाच्या चालीवर बसवलेली भजनं चौकटीत घ्यायची का? आमच्याकडे तरुण मुलींना तीच येतात.

टाळकरीण | १४ जानेवारी, सकाळी ७:५०

अजिबात नाही. शब्द देवाचे आणि डोळ्यांसमोर नटी. पारंपरिक चालीच हव्यात.

तुळशीमाळ | १४ जानेवारी, सकाळी ८:२०

मला असं सरसकट नको वाटत. मुली येतात, बसतात, टाळ धरतात, ते महत्त्वाचं. आठात एक जागा द्यावी.

तबलासाथ | १४ जानेवारी, सकाळी ९:००

वादात पडत नाही, पण साथीचं सांगतो. त्या चालींत मूळ गाण्यात मधे वाद्यांचे तुकडे असतात. भजनात ते नसतात, मग ती जागा रिकामी राहते आणि कुणी लवकर उचलतं, कुणी उशिरा. घ्यायचीच असेल तर ती जागा किती मात्रांची ते आधी ठरवा.

टाळकरीण | १४ जानेवारी, सकाळी ९:१२

माझं मत तेच आहे.

प्राजक्ता | १४ जानेवारी, सकाळी १०:३०

नव्या चौघींना एकदम पुढे बसवायचं का? आमच्यातल्या दोघी घाबरून पाळीच नको म्हणतात.

काळी चार | १४ जानेवारी, सकाळी ११:२५

एकदम नको. पहिल्या पाळीला तिने फक्त ध्रुवपद उचलायचं, कडवी गटातल्या पक्कीने म्हणायची. दुसऱ्या पाळीला ध्रुवपद आणि पहिलं कडवं तिचं. तिसऱ्या पाळीला सगळं. तीन महिन्यांत दोन पाळ्या येतात, म्हणजे पाच महिन्यांच्या आत ती एकटी म्हणते.

नवी कुठे चुकते तेही सांगते. सूर फारसा चुकत नाही, पेटी असतेच. ती कडवं संपवते आणि ध्रुवपदावर यायला उशीर करते. मागच्या सगळ्या तिच्याकडे बघत थांबतात, तेवढ्यात टाळ सुटतो. यावर उपाय म्हणजे पक्कीने तिच्या शेजारी बसून सम यायच्या आधी मान हलवायची. हाताने खूण करू नये, हातात टाळ असतो आणि सगळ्यांना दिसतं.

दुसरी चूक लयीची. आठ मात्रांचा भजनी ठेका सुरुवातीलाच जलद धरला तर शेवटी चढवायला जागाच उरत नाही. नवीला सांगावं की पहिलं ध्रुवपद तुला संथ वाटेल एवढं हळू सुरू कर. टाळवाल्यांपैकी एकच जण लय धरणारी ठरवा, बाकीच्या तिच्याकडे बघतील. ती तबल्याच्या शेजारी बसली पाहिजे.

रानजाई | १४ जानेवारी, दुपारी १२:००

आणि माइक एकच असेल तर तो पुढे म्हणणारीकडेच द्या. आमच्याकडे माइक पेटीसमोर ठेवलेला असतो, त्यामुळे पेटीच्या शेजारी बसणारीचाच आवाज सगळ्यांना ऐकू येतो, पाळी कुणाचीही असो. वर्षभर हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

काळी चार | १४ जानेवारी, दुपारी १२:२०

रानजाई, हे मोलाचं सांगितलंत. जागा पण बदलायला हवी. जिची पाळी ती पेटीच्या उजवीकडे. आठ जणी आधीच पाळीच्या क्रमाने अर्धवर्तुळात बसल्या तर उठबस होत नाही, माइक हातोहात पुढे जातो.

सोनचाफा | १५ जानेवारी, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मंडळाची बैठक झाली, तीन महिन्यांची आखणी ठरली ती लिहिते.

चैत्र शुद्ध एकादशीला अ आणि ब. पहिल्या चौघी पांढरी पाचवाल्या: नमन, दोन अभंग, संत सोयराबाईंचा अभंग. मग आमच्या शिक्षिका पाच मिनिटं त्या अभंगाचा अर्थ सांगतील, तेवढ्यात तबला काळी चारला. मग गौळण, जोगवा, भारूड, भैरवी. वैशाखात वद्य एकादशीला ब आणि क. अधिक ज्येष्ठात सगळ्यांनी हरिपाठ. निज ज्येष्ठात पुन्हा शुद्ध एकादशीला क आणि अ. आषाढीला अ-ब येणार, आणि पुढच्या वर्षी सुरुवात ब-क ने, हे पहिल्या पानावर लिहिलं. आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत कळवलं तर बदली, कारण विचारायचं नाही. सिनेमाच्या चालीवर मतं घेतली, आठ-आठ पडली, तो विषय पुढच्या बैठकीवर गेला.

एक अडकलंय. पट्टीप्रमाणे बसवलं की पांढरी पाचवाल्या नेहमी पहिल्या अर्ध्यात येतात. म्हणजे गौळण आणि भैरवी कायम काळी चारवाल्यांकडे, आणि नमनाला गळा अजून तापलेला नसतो ते खालच्या पट्टीवाल्यांकडे. आज एका काकूंनी हे बोलून दाखवलं आणि मला उत्तर सुचलं नाही.

तबलासाथ | १५ जानेवारी, रात्री १०:४०

एका महिन्यात उलट करा. आधी काळी चार, मग पांढरी पाच. अर्धाच सूर खाली यायचाय, ते होतं. फक्त उतरवलेला तबला थोड्या वेळाने पुन्हा हलतो, त्यामुळे भारुडाच्या आधी एकदा अर्ध्या मिनिटात तपासावा लागेल. तेवढा वेळ द्या.

टाळकरीण | १५ जानेवारी, रात्री १०:५२

भैरवी मात्र पक्कीनेच म्हणावी. शेवट पडला की सगळं भजन पडल्यासारखं वाटतं. भैरवीची पाळी करू नका.

ओवी | १५ जानेवारी, रात्री ११:०५

मग त्या तिघी-चौघीच परत. सोनचाफाने प्रश्न तिथूनच सुरू केला होता.

काळी चार | १५ जानेवारी, रात्री ११:३०

दोघींचं म्हणणं पटतं, आणि याचं एकच उत्तर माझ्याकडेही नाही. वर्षभर असं करून बघा: भैरवीचं ध्रुवपद पाळीवालीने उचलायचं, कडवी तिच्या गटातल्या पक्कीने. पट्टी पाळीवालीची. पक्कीला अर्धा सूर खाली म्हणावं लागलं तर तिचं काही अडत नाही, उलटं केलं तर काकूंचं अडतं.

सोनचाफा | १६ जानेवारी, सकाळी ७:०५

हे काकूंना आज सांगते. वैशाखात त्यांचीच पाळी आहे, त्या महिन्यात काळी चारवाल्या आधी आणि पांढरी पाच नंतर असं लावते. तबलासाथ दादा, तपासायला अर्धं मिनिट भारुडाच्या आधी धरलंय.